मदत हवी आहे : चौरस पट्टीच्या तापलेल्या कडेवर १०० ऐवजी ११८ अंश

नमस्कार. मी सांगलीत एम.एस्सी. गणिताच्या पहिल्या वर्षाला आहे. बाजू a असलेल्या चौरस पट्टीची वरची कड १०० अंशांवर आणि उरलेल्या तिन्ही कडा शून्यावर ठेवून, चलविभाजनाने मला विषम n साठी ही श्रेणी मिळाली:

`u = Σ (400/nπ) sin(nπx/a) sinh(nπy/a) / sinh(nπ)`

मध्यबिंदूशी २५.३७ − ०.३८ + ०.०१ अशी बेरीज होऊन २५ येते. चार कडा आळीपाळीने तापवल्या तर सममितीने तेच यायला हवे, त्यामुळे सहगुणक बरोबर असावेत असे मला वाटते. मात्र y = a वर दहा पदे घेतल्यास कोपऱ्याजवळ तापमान सुमारे ११८ होते आणि पदे वाढवली तरी तो उंचवटा खाली न बसता केवळ कोपऱ्याकडे सरकतो. महत्तम तत्त्वानुसार १०० च्या वर काहीच जाऊ नये, मग ही माझी चूक की कोपऱ्यातील शून्य ते शंभर या उडीचा परिणाम? कडेच्या किती जवळपर्यंत दहा पदांवर विसंबावे, हेही कृपया सांगावे.