मदत हवी आहे: पेमेंट सक्सेस दाखवतं, पण खात्यात पैसे भलतेच कमी (अर्जंट)

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
काकांच्या कृषी केंद्राची साइट मी सांभाळतो. पेमेंट सक्सेस येतं, ऑर्डर पक्की होते, पावतीवर रक्कम बरोबर छापली जाते, पण खात्यात पैसे भलतेच कमी येऊन राहिले. पेरणीचे दिवस, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, अन् मी खतांच्या पोत्यांवर लॅपटॉप घेऊन बसलोय. कोड मागच्या हंगामापासून चालू आहे, काहीच बदललं नाही. गेटवेवाले मधल्या मधी पैसे खाऊन राहिले का? लवकर सांगा.

सुलभाताई_वणी
माझ्या बाबतीत असंच झालं. एटीएममधून नोटा आल्याच नाहीत अन् खात्यातून 500 कटले. शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फोनवर काही होत नाही.

खामगावकर
ताई, त्यांचं प्रकरण उलटं आहे, त्यांना पैसे घ्यायचे आहेत.
कोडर भाऊ, "भलतेच कमी" म्हणजे किती? एका ऑर्डरचे दोन्ही आकडे टाका. कमिशन कटलं तर दोन-तीन टक्क्यांचा फरक पडतो, त्याला कोणी भलतेच म्हणत नाही. आणि गेटवे कोणता? तोच आहे ना?

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
फवारणी पंप 1,450 चा, आले 14.50. ताडपत्री 2,300 ची, आले 23. अशा 11 ऑर्डरी आहेत, त्यातला 6 जणांचा माल गेला पण.
गेटवे मागच्या आठवड्यात बदलला, पण तेवढंच. आधी कॅशफ्री होतं, आता रेझरपे. बाकी खरंच काही नाही बदललं.

```js
const order = await rzp.orders.create({
  amount: getTotal(cart),
  currency: "INR",
  receipt: billNo
});
```

अमरावती_पॅसेंजर
"काहीच बदललं नाही, फक्त गेटवे बदलला." बाप्पा बाप्पा 😄

खामगावकर
सापडलं. गेटवे पैसे खात नाही, तुम्हीच कमी मागून राहिले. कॅशफ्रीच्या `order_amount` मध्ये रुपये जातात. रेझरपेच्या `amount` मध्ये पैसे जातात, म्हणजे रुपयाचा शंभरावा भाग. तुम्ही 1450 पाठवलं, त्याने 1450 पैसे वाचलं आणि 14 रुपये 50 पैसे मागितले. गिऱ्हाइकाने तेवढेच भरले. ऑर्डर 14.50 ची, भरणा 14.50 चा, म्हणून त्याच्या लेखी सगळं चोख. पंपाची किंमत त्याला कुठून ठाऊक?
एक विचारतो. टेस्ट मोडमध्ये किती रुपयांची ऑर्डर टाकून पाहिली होती?

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
1 रुपयाची वस्तू टाकली तर रक्कम किमानपेक्षा कमी आहे असा एरर आला. मग 100 ची टाकली, ती गेली.

खामगावकर
तो एररच तुम्हाला सांगत होता भाऊ. तिथे किमान रक्कम 1 रुपया, म्हणजे 100 पैसे. तुमचा 1 रुपया त्याला 1 पैसा दिसला. नंतर 100 टाकले तेव्हा पेमेंटच्या पानावर ₹1.00 लिहून आलं असेल, ते कोणी वाचलं नाही.

घाटंजीकर
एवढं लांबण कशाला? `getTotal` मध्येच गुणिले 100 करून टाक, सगळीकडे एकदम दुरुस्त. मी तीन साइटांवर असंच केलं, आजपर्यंत तक्रार नाही.

खामगावकर
थांबा! `getTotal` आणखी कुठे कुठे वापरलं आहे ते आधी शोधा.

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
उशीर झाला. घाटंजीकर दादांचं वाचलं अन् लगेच केलं. साइट बरोबर झाली. पण काउंटरवरच्या स्क्रीनचा क्यूआरही त्याच फंक्शनवरून बनतो. एका कास्तकाराने स्कॅन केला, मोबाइलवर 1,45,000 आलं. तो काकांना म्हणे, पंप देऊन राहिले का ट्रॅक्टर? पिन टाकला नाही म्हणून वाचलो. पावत्याही तशाच छापून राहिल्या.

खामगावकर
यूपीआयच्या लिंकमध्ये `am=` रुपयांत असतं: `am=1450.00`. त्याने पिन टाकला असता तरी एक लाखाच्या नेहमीच्या मर्यादेत व्यवहार अडकला असता. पण 400 च्या औषधाचे 40,000 बिनबोभाट गेले असते.
`getTotal` परत रुपयांवर आणा. गुणाकार फक्त गेटवेच्या दारात, एकदाच:

```js
amount: Math.round(getTotal(cart) * 100)
```

`Math.round` गाळू नका. जावास्क्रिप्टमध्ये `19.99 * 100` केलं की 1998.9999999999998 येतं. `parseInt` लावलं तर 1998, एक पैसा गायब.

घाटंजीकर
माझ्या साइटांवर क्यूआर नाहीत, म्हणून माझं चाललं. पण एका पैशासाठी कोण रडतं?

खामगावकर
गिऱ्हाईक नाही रडत. पण जुळणी करताना बिल 19.99 अन् जमा 19.98 दिसलं की प्रोग्राम अडतो. मी तर डेटाबेसमध्येच पूर्णांकात पैसे ठेवतो आणि रकान्याचं नाव `total_paise` देतो. नाव वाचूनच हात थांबतो.

अमरावती_पॅसेंजर
25 पैसे 2011 मध्ये बंद झाले, 50 पैसे चालू असून दुकानदार घेत नाही, अन् हे कॉम्प्युटरवाले अजून पैशांत मोजून राहिले. माझ्याकडे डबाभर नाणी आहेत, कोणाला पाहिजेत का?

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
रुपयांवर आणलं, क्यूआर ठीक झाला. पण नवीनच लफडं. ताडपत्रीची कालची एक ऑर्डर रद्द झाली. त्या माणसाचे पूर्ण 2,300 आले होते, मी परत पाठवले, त्याला 23 मिळाले. तो फोनवर जे बोलला ते इथे लिहीत नाही.

खामगावकर
रिफंडचं फंक्शन वेगळं असणार, त्यातही `amount` पैशांतच लागतो. घाबरू नका, त्याच पेमेंटवर उरलेल्याचा रिफंड पुन्हा करता येतो. 2,277 रुपये राहिले, म्हणजे 227700 पाठवा. पुढे पूर्ण रक्कम परत करायची असेल तेव्हा `amount` देऊच नका, आपोआप पूर्ण जाते.
आता वेबहूक दाखवा. ऑर्डर पक्की करताना काय तपासता?

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
सही जुळते का पाहतो अन् `payment.captured` आलं की पक्की.

खामगावकर
खरी चूक ही. सही जुळली म्हणजे निरोप गेटवेकडूनच आला, एवढंच कळतं. रक्कम बरोबर आहे असं ती सांगत नाही. निरोपातला `amount` तुमच्या बिलाच्या पैशांशी ताडून पाहा, जुळला नाही तर ऑर्डर थांबवा. ही एक ओळ असती तर पहिल्याच पंपाला गाडी थांबली असती, 6 जणांचा माल गेला नसता.

सुलभाताई_वणी
मग त्या 11 लोकांच्या खात्यातून बाकीचे पैसे परस्पर कापून घ्या ना.

खामगावकर
तसं होत नाही ताई. त्यांनी 14.50 ला होकार दिला, पिन तेवढ्यालाच टाकला. फरकाची वेगळी पेमेंट लिंक पाठवायची, पंपवाल्याला 1,435.50 ची, आणि फोन करून चूक आपली आहे हे सांगायचं. माल गेला नाही त्या 5 जणांना हवं तर पैसे परत करून नवी ऑर्डर घ्या.

घाटंजीकर
साइटवर जो आकडा दिसला तो त्यांनी भरला. मी गिऱ्हाईक असतो तर एक रुपया दिला नसता.

अमरावती_पॅसेंजर
पंप 14.50 ला मिळत नाही हे कोणाला कळत नाही का? कास्तकार तसे नसतात.

घाटंजीकर
कास्तकाराला दर वर्षी सगळेच लुटतात, एकदा त्याला फायदा झाला तर झाला.

कृषीकेंद्र_कोडर (दारव्हा)
भांडू नका. वेबहूकमध्ये तपासणी टाकली, 1,450 ची ऑर्डर टाकून पाहिली, पानावर ₹1,450.00 आलं, यावेळी डोळे फाडून वाचलं. लिंका पाठवल्या. चौघांनी भरले. पंपवाले आजोबा स्वतः नगदी घेऊन आले, म्हणे मले वाटलं सबसिडी हाय. दोघं फोन उचलत नाहीत. बाकीचे संध्याकाळी वावरातून आले की पाहतो म्हणतात.
त्या दोघांचं काय करू? काका म्हणतात सोडून दे, काकू म्हणते तुझ्या पगारातून.