'फालतू' लेबलने माझा नो क्लेम बोनस खाल्ला

निवांत_पाटील
जीमेलवाल्यांनो, एकच फिल्टर लावा. मेलमध्ये `unsubscribe` शब्द असला की `Skip the Inbox` आणि 'फालतू' नावाचं लेबल. माझा इनबॉक्स एका दुपारी 11 हजारांवरून 40 वर आला. एवढंही ज्यांना जमत नाही त्यांनी गर्दीबद्दल रडू नये.

सुलभा_ठाणे
रडत नाहीये, पण लिहिणार आहे, आणि भरपूर लिहिणार आहे.

हाच फिल्टर गेल्या वर्षी भाच्याने मला लावून दिला. सहा महिने स्वर्ग! साड्यांचे सेल, गुंतवणुकीचे गुरू, सगळे गायब. मग दिवाळीत लेक आली, गाडी काढायची म्हणून कागद शोधले, तर विमा संपून चार महिने झालेले. विमा कंपनीने तीन मेल पाठवले होते. तिन्हींच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात, तोच तुमचा लाडका शब्द. तिन्ही 'फालतू'त. फोन वाजला नाही, कारण इनबॉक्समध्ये न आलेल्या मेलसाठी तो सहसा वाजतच नाही.

पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. माझा 50 टक्क्यांचा होता, पाच वर्षं एकही क्लेम न करता जमवलेला. वर गाडीची तपासणी झाल्याशिवाय नवी पॉलिसी मिळेना, ती वणवण निराळी.

आणि खरी मेख पुढेच आहे. विमा कंपनीच्या पत्त्यासाठी मी 'विमा' लेबलचा वेगळा फिल्टर आधीच केला होता, इनबॉक्समधून न हलवता. मग मेल इनबॉक्समध्ये का दिसला नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

निवांत_पाटील
वाईट वाटलं. पण एसएमएस आला असेलच ना? आणि 'फालतू' लेबल आठवड्यातून एकदा चाळायचं असतं, हे मी गृहीत धरलं होतं.

सुलभा_ठाणे
आठवड्यातून एकदा चाळायचंच असेल तर इनबॉक्सच चाळला असता की!

मेल_हमाल
ऑफिसात लोकांचे मेल निस्तरणं हाच माझा धंदा, म्हणून सुलभाताईंच्या मेखेबद्दल.

जीमेलमध्ये फिल्टरना क्रम नसतो. जेवढे जुळतात तेवढे सगळे लागतात. तुमच्या मेलला 'विमा' आणि 'फालतू' अशी दोन्ही लेबलं लागली असणार, उघडून बघा. पण एका फिल्टरने इनबॉक्समधून काढलं की दुसरा ते परत आणू शकत नाही, कारण 'इनबॉक्समध्येच ठेव' अशी कृतीच तिथे नाही. म्हणजे अपवाद सांगायचा तो काढणाऱ्या फिल्टरमध्येच:

```
unsubscribe -from:(vima.example OR vij.example)
```

कंसात आपल्या विमा, वीज, बँक वगैरेंचे खरे पत्ते घालायचे. पण माझं विचाराल तर हा शब्दच फिल्टरसाठी नालायक आहे. जाहिरातीखाली तो असतो, तसा बिलाखालीही असतो. छळणारे बातमीपत्रवाले मोजा, दहाबारा निघतील. एकेकाचा मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूत `Filter messages like these` दाबा. अर्ध्या तासाचं काम. त्यांना इनबॉक्सबाहेर काढा. खरेदीच्या पावत्याही बाहेर चालतील, पैसे तर देऊन झालेले असतात. बिलांना मात्र फक्त लेबल. ती भरेपर्यंत डोळ्यांत खुपलीच पाहिजेत.

आणि फिल्टर करण्याआधी तीच ओळ शोधपेटीत टाकून पहिली दोन पानं वाचा. त्यात एक जरी बिल दिसलं तरी फिल्टर चुकलाय.

गणूकाका_सातारा
लेबलं, फिल्टर, सगळा पोरखेळ. मी 2006 पासून काही लावलं नाही. हवं ते शोधतो, दोन सेकंदांत मिळतं.

मेल_हमाल
काका, शोधायला आठवावं लागतं. सुलभाताईंना विमा संपतोय हेच आठवलं नव्हतं. शिवाय बँकेच्या पासवर्डवाल्या पीडीएफच्या आत शोध पोचत नाही, आणि विषयात नुसतं 'तुमचं विवरण'. जुनी पावती शोधायला तुमचं बरोबर आहे, तिथे लेबलाने फारसं अडत नाही.

गणूकाका_सातारा
चला, अर्धं तरी बरोबर निघालं. पेढे वाटतो.

नाशिककर_७७
मुळात ही बिलं मेलवर मागवलीच कशाला? महावितरणच्या 'गो ग्रीन'मध्ये कागदी बिल बंद केलं की सूट मिळते, म्हणून मुलाने परस्पर नोंदणी केली. महिन्याभराने एका ऑफिसात पत्त्याचा पुरावा द्यायचा होता. प्रिंट नेली. खिडकीवरचा म्हणतो, 'हे ओरिजिनल नाही.' अहो, ओरिजिनल पीडीएफच आहे, त्याची दुसरी काय ओरिजिनल असणार!

सुलभा_ठाणे
अगदी! आमच्याकडे तर त्या प्रिंटवर सोसायटीचा शिक्का आणायला सांगितला. सोसायटीचा आणि विजेचा काय संबंध?

निवांत_पाटील
धागा फिल्टरचा आहे.

नाशिककर_७७
फिल्टरमुळेच बिल सापडत नव्हतं, म्हणून सांगतोय. शेवटी शेजाऱ्याच्या जुन्या कागदी बिलाशी ताडून बघितलं, तेव्हा कुठे साहेबांची खात्री पटली. सूट किती मिळाली विचारू नका, रिक्षालाच त्याहून जास्त गेले.

गणूकाका_सातारा
म्हणून मी कागदी बिल खिळ्याला अडकवतो. खिळ्याला पासवर्ड नाही.

मेल_हमाल
खिळ्यावरचं पहिलं बिल काढायला वरची सगळी काढावी लागतात, काका.

गणूकाका_सातारा
तुम्हाला सगळ्यातच अक्कल पाजळायची असते का? मी खिळ्याबद्दल बोलतोय!

रेवती_म
मला फोनमध्ये फिल्टरचं बटणच सापडत नाही. सेटिंग तीनदा पालथं घातलं.

मेल_हमाल
ॲपमध्ये ते नाहीच. कॉम्प्युटरवर, नाहीतर फोनच्या ब्राउझरमध्ये डेस्कटॉप साइट उघडून करा. एकदा केलं की लागू सगळीकडे. जुने मेलही हलवायचे असतील तर शेवटच्या पायरीवर `Also apply filter to matching conversations` वर खूण करा, नाहीतर फक्त पुढचेच हलतील. पण आधी ती दोन पानं वाचा, नाहीतर जुनी बिलंही एका झटक्यात जातील.

रेवती_म
झालं. फक्त सोसायटीचं मेंटेनन्स काही पकडलं जात नाही. मी `subject:(bill OR invoice)` लिहिलंय.

मेल_हमाल
पाठवतं कोण, आणि विषय काय असतो?

रेवती_म
सेक्रेटरी काका, स्वतःच्या मेलवरून. विषय 'देखभाल देयक'. अरे हो!

मेल_हमाल
त्यासाठी वेगळा फिल्टर करा, विषयात `देयक` आणि पत्ता त्यांचा. सेक्रेटरी बदलले की फिल्टर मुकाट्याने बंद पडेल, तेवढं ध्यानात ठेवा.

निवांत_पाटील
बरं, माझ्या 'फालतू'त आता बघितलं. काय टाकून बघायचं ते कुणी सांगितलं नाही, म्हणून मीच शोधलं:

```
subject:(renewal OR due OR expiry) label:फालतू newer_than:60d
```

सात निघाले. सहा जाहिराती.

सुलभा_ठाणे
आणि सातवा?

निवांत_पाटील
बाइकचा विमा. नऊ दिवस शिल्लक आहेत. फिल्टर तरीही चांगलाच आहे, एक अपवाद घातला की झालं.

सुलभा_ठाणे
घाला हो. आधी हप्ता भरा.