उरलेले 300 कोरोक: शोधायचे की सोडायचे?

निळावंती: ब्रेथ ऑफ द वाइल्ड या गेममध्ये जागोजागी लपलेले कोरोक शोधले की प्रत्येकाकडून एक सीड मिळते; 900 पैकी माझ्या 600 कोरोक सीड्स झाल्या. शेवटचा शत्रू गॅननला हरवलं, 120 श्राइन्स झाली. 100 टक्के करायचंच ठरवलं होतं, पण आता नुसता कंटाळा येतोय. उरलेल्या 300 साठी रेटावं का?

दगडफूल: सोडा. शस्त्रं, धनुष्यं आणि ढाली ठेवायचे सगळे स्लॉट 441 सीड्समध्ये वाढून होतात. शस्त्राचा पहिला जादा स्लॉट एका सीडला मिळतो, शेवटचा 55 सीड्सना. पुढच्या 459 सीड्सनी खेळण्यात काडीचा फरक पडत नाही. 900 झाल्यावर सीड्स घेऊन स्लॉट वाढवून देणारा हेस्टू शेणाच्या पोच्या आकाराची सोनेरी भेट देतो आणि हवं तेव्हा नाचून दाखवतो, बस्स.

सह्यकडा: भेटीसाठी कोण करतं? नकाशावरच्या टक्केवारीत एका कोरोकचे 0.08 धरले जातात, म्हणजे 900 चे 72 टक्के. कोरोक सोडले की 100 चा विषयच संपला. कोरोक मास्क घाला, तो सगळे दाखवतो.

दगडफूल: दाखवत नाही. कोरोक जवळ असला की मास्क थरथरतो, दिशा सांगत नाही. उंच कड्याखाली तो थरथरला तर कोरोक वर आहे की खाली, हे तुम्हीच शोधायचं. शिवाय तो मास्क डीएलसीत, म्हणजे वेगळ्या विकत घ्यायच्या जादा भागात मिळतो.

ट्रॉफीवेडा: दुसऱ्या एका गेममध्ये माझंही असंच अडलंय. शत्रूला मारल्यावर एक टक्का वेळाच पडणारी वस्तू शंभर वेळा मारूनही मिळाली नाही. आता सगळ्या ट्रॉफी झाल्यावर मिळणारी प्लॅटिनम जवळच असणार ना?

दगडफूल: नाही. शंभर प्रयत्नांत ती एकदा तरी मिळायची शक्यता सुमारे 63 टक्के, आणि हुकलेले शंभर पुढच्या प्रयत्नाला मदत करत नाहीत. कोरोकचं गणित वेगळं आहे, तो जागेवर असतोच. आणि निळावंतीचा गेम ज्यावर चालतो त्या स्विचवर ट्रॉफी नाही, प्रोफाइलवर काहीच चढत नाही.

सह्यकडा: मग ताशी 12 मिळाले तर 300 चे 25 तास. ते काही फार नाहीत.

दगडफूल: नकाशा बाजूला उघडून तेवढे मिळतील, पण मजा तिथेच जाते. दगडांच्या वर्तुळात एक जागा रिकामी दिसते, जवळपास पडलेला दगड आणून तिथे ठेवता, आणि कोरोक उडी मारून समोर येतो. शोधण्याचा आनंद त्या रिकाम्या जागेत आहे. यादीवरून गेलात तर तिथे पोचायच्या आधीच उत्तर माहीत असतं. निळावंती, सलग दहा कोरोक यादीशिवाय शोधून बघा. सातव्यालाच हात यादीकडे गेला तर थांबा.

सह्यकडा: मला ही कसोटी पटत नाही. यादी वापरूनही एक प्रदेश पूर्ण भरलेला बघण्यात मजा असते.

निळावंती: एकाच टॉवरचा प्रदेश पूर्ण करून बघते. पण 900 झाल्यावरही टक्के अडले तर?

दगडफूल: मग नावाच्या जागा तपासा. छोटे पूल आणि पडकी ठिकाणं हमखास राहतात, त्यांचेही प्रत्येकी 0.08 असतात. त्या पुलावरून स्वतः चालत जा, नकाशावर नाव उमटलं की झालं.