अर्ज मागे घ्यायचाय, रिक्रूटरला कसं कळवू?

कोरा_कागद: मंडळी, मदत हवी आहे. दोन ठिकाणी मुलाखती चालू होत्या. एकीकडचं ऑफर लेटर काल आलं, मी सही करून पाठवलंही. दुसरीकडे दोन राउंड झालेत, शेवटचा गुरुवारी आहे. तिथे एका एजन्सीतल्या मॅडमनी माझं नाव पुढे केलं होतं. पहिला राउंड बेताचाच गेला, तेव्हा त्यांनी स्वतःहून फोन करून सांगितलं, "उत्तरं लांबतायत. आधी निष्कर्ष सांगा, मग कारणं." दुसरा राउंड त्यावरच निभावला. आता त्यांनाच नाही म्हणायचंय. मेल तीनदा लिहून खोडला.

बिनघोर: एवढं काय? पोर्टलवर अर्ज मागे घ्यायचं बटण असतं. दाबा आणि मोकळे व्हा.

जुनी_खुर्ची: बटण दाबाच, पण शेवटी. भरतीच्या कामात बरीच वर्षं काढली म्हणून सांगतो. आधी दाबलंत तर मॅडमना हे कंपनीकडून कळेल, आणि "तुमचाच उमेदवार, तुम्हालाच पत्ता नाही?" हे ऐकावं लागेल. एजन्सीला पैसे बहुधा माणूस रुजू झाल्यावरच मिळतात. आज कळलं तर गुरुवारी दुसऱ्या कुणाला तरी बसवता येईल. म्हणून आजच फोन करा, मग मुलाखतीची वेळ ज्या मेलमध्ये आली त्यालाच उत्तर द्या. मजकूर असा, की त्यांना जसाच्या तसा कंपनीला पुढे पाठवता यावा:

"नमस्कार मॅडम, मी दुसरी नोकरी स्वीकारली आहे, त्यामुळे या पदासाठीचा अर्ज मागे घेत आहे. कृपया गुरुवारची मुलाखत रद्द करावी. पहिल्या फेरीनंतर तुम्ही उत्तरांबद्दल जे सांगितलंत, त्याचा मला फार उपयोग झाला. मनापासून आभार. मुलाखत घेणाऱ्यांनाही माझे आभार कळवावेत."

बस्स. पगाराचा उल्लेख नको. तो आला की तुम्ही घासाघीस करताय असं वाटतं आणि समोरून वाढीव आकडा येतो.

सायली_०७: माझंही असंच झालेलं. ऑफर स्वीकारून आठवड्याने नाही म्हटलं, एचआर जाम चिडली. नोटीस पिरियड भरावा लागतो का हो?

कोरा_कागद: ताई, माझं वेगळं आहे. इथली ऑफर अजून आलेलीच नाही.

जुनी_खुर्ची: सायली, रुजूच झाला नव्हतात ना? ऑफर लेटरमध्ये काय लिहिलंय ते बघा. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

बिनघोर: पण कुठे चाललोय ते सांगायचं का? मी तर सरळ सांगतो.

जुनी_खुर्ची: मी रुजू होईपर्यंत सांगत नाही. यात दोन मतं आहेत.

कोरा_कागद: फोन झाला. "गुरुवारच्या आधी सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाल्या, आणि लगेच, "कुठे जाताय?" मी "रुजू झालो की कळवतो" म्हटलं, तर क्षणभर गप्प झाल्या. अजून चुटपुट लागलीये. मेल वरचाच पाठवला, फक्त "आधी निष्कर्ष, मग कारणं" हे त्यांचे शब्द तसेच ठेवले. बटण त्यांचं उत्तर आल्यावर दाबेन.