नागावचा रिसॉर्ट : अर्धवट परतावा मागताना पूलचे पैसे कसे धरायचे?

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं अलिबागजवळ नागावला दोन रात्री राहिलो. बुकिंग थेट रिसॉर्टच्या व्हॉट्सअॅपवर, १८,४०० रुपये आधीच यूपीआयने भरलेले. जाहिरातीत समुद्राकडची कॉटेज, स्विमिंग पूल आणि नाश्ता-जेवण होतं. प्रत्यक्षात मागच्या बाजूची साधी खोली मिळाली, पूल कोरडा (तळाशी सिमेंटची पोती!) आणि दोन्ही रात्री स्वयंपाकघर बंद.

पूल, खोली आणि खोलीच्या दाराचे फोटो पहिल्याच संध्याकाळी काढले, मूळ फाइल फोनमध्येच आहेत. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि बाहेरच्या जेवणाची बिलंही आहेत. मॅनेजरला तिथेच व्हॉट्सअॅपवर कळवलं होतं. "उद्या बघतो" एवढंच उत्तर आलं. घरी आल्यावर ईमेल केला, तर पुढच्या वेळी १५ टक्के सूट देतो म्हणतात. परत कोण जातंय तिथे!

पूर्ण रक्कम मागायची नाही, राहिलो तर आहोतच. त्यांच्याच दरपत्रकात दोन खोल्यांमधला फरक रात्रीला २,३०० आहे, म्हणजे ४,६००. जेवणाची बिलं २,३४०. एकूण ६,९४०. पूलला मात्र वेगळा दर कुठेच नाही.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवण्याआधी पंधरा दिवसांची लेखी मुदत देणार आहे. अशी तक्रार केलेल्यांनी सांगावं: पूलसाठी ठरावीक रक्कम मागितली होती का, आणि ती कशाच्या आधारे मान्य झाली?