अनुभव धागा: चॅटसाठी पोलिंग सोडून वेबसॉकेटवर गेलात, मग पुढे काय झालं?

वागळेचा_वाघ

मंडळी, चॅटसाठी पोलिंग बरं की वेबसॉकेट यावर वाद खूप झालेत, मला वाद नकोय, तुमच्याकडे खरंच काय झालं ते लिहा. सुरुवात मीच करतो, हसलात तरी चालेल.

आमचं ऑफिस वागळे इस्टेटला. घरी जाऊन रक्ताचं सॅम्पल घ्यायचं काम. डेस्कवरच्या मुली आणि सॅम्पल घ्यायला फिरणारी पोरं यांच्यात बोलायला एक छोटा चॅट आहे, तो दोन वर्षं पोलिंगवर चालला. ॲप दर ३ सेकंदाला सर्व्हरला विचारायचं, नवीन काही आलं का, आणि सर्व्हर बहुतेक वेळा नाही म्हणायचा. ३०० फोन चालू असले की सेकंदाला १०० रिक्वेस्टी, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या फुकट. पोरांच्या फोनची बॅटरी दुपारपर्यंत उतरायची म्हणून शेवटी वेबसॉकेट लावला. पहिल्या आठवड्यात आम्ही एवढे खूश, की पेढे वाटायचेच बाकी होते.

मग एक दिवस घोडबंदर रोडच्या एका टॉवरमध्ये आमचा पोरगा लिफ्टमध्ये शिरला आणि त्याच वेळी, १०:४२ ला, डेस्कवरून मेसेज गेला की आजींनी काही खाल्लंय का आधी विचार, खाल्लं असेल तर आज घेऊ नको. डेस्कला टिक दिसली. पोराला मेसेज मिळालाच नाही. आजींचा चहा-बिस्कीट होऊन गेलेला, फास्टिंग शुगर भलतीच आली, घरच्यांनी फोनवर आमची आरती केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फुकटात परत जावं लागलं.

लॉग बघितला तर गंमत. १०:४४ ला पोराचा फोन नव्या सॉकेटने जोडला गेलेला, आणि जुना सॉकेट सर्व्हरच्या लेखी १०:५७ पर्यंत जिवंत! तेव्हा नोडच्या पुढे प्रॉक्सी वगैरे काही नव्हतं, थेट उघडा. आता मला सांगा, पोलिंगवर दोन वर्षांत असा एकही मेसेज हरवला नाही, मग हा कसा हरवला?

ऐरोलीकर_काका

आम्ही पोलिंगवरच आहोत आणि मजेत आहोत. एका दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचा चॅट, एका वेळी ४० माणसं म्हणजे डोक्यावरून पाणी, दर १० सेकंदाला विचारतो. डॉक्टरांनी उत्तर द्यायलाच वीस मिनिटं लागतात, तिथे दहा सेकंद वाचवून मी काय लोणचं घालू? सर्व्हर रीस्टार्ट केला तर कोणाला पत्ता लागत नाही, पुढची रिक्वेस्ट येते आणि काम चालू.

कोपरखैरणे_सेक्टर१५

वाघोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर काकांच्या शेवटच्या वाक्यात आहे. तुमचं जुनं ॲप दर वेळी नक्की काय विचारत होतं ते आठवा. नुसतं 'नवीन काही आहे का' नाही, 'माझ्याकडे ८१२ नंबरपर्यंत आलंय, त्यापुढचं दे' असं विचारत असणार. म्हणजे लिफ्टमध्ये दोन मिनिटं गेली तरी बाहेर आल्यावरच्या पहिल्या रिक्वेस्टीत राहिलेलं सगळं आपोआप मिळायचं. वेबसॉकेटवर जाताना तुम्ही हा प्रश्नच काढून टाकलात, कारण आता सर्व्हर स्वतःहून देणार होता ना. मेसेज हरवला तो त्यामुळे. सॉकेटने काही चूक केली नाही.

आता ती १५ मिनिटं. सॉकेटचा जन्म साध्या HTTP रिक्वेस्टीने होतो. क्लायंट म्हणतो की मला `Upgrade: websocket` हवंय, सर्व्हर `101 Switching Protocols` म्हणतो, आणि मग तेच टीसीपी कनेक्शन दोघांसाठी उघडं राहतं. शहाण्यासारखं मरायचं असेल तर एक जण क्लोज फ्रेम पाठवतो, दुसरा उलट क्लोज फ्रेम देतो आणि कनेक्शन बंद. पण लिफ्टमधल्या फोनने निरोप घ्यायचा कसा, रेंजच नाही! तो गप्प झाला. आणि टीसीपीमध्ये गप्प बसलेला आणि मेलेला दोघे सारखेच दिसतात.

तुमच्या कोडने १०:४२ ला त्या सॉकेटमध्ये लिहिलं. `send` ला एरर आली नाही, कारण `send` चा अर्थ एवढाच की मेसेज आपल्याच मशीनच्या बफरमध्ये पडला. तुमची टिक त्यावर लागली. पुढे लिनक्स तो मेसेज पुन्हा पुन्हा पाठवत राहिला, दर वेळी जरा जास्त थांबून, आणि डिफॉल्ट सेटिंगवर साधारण पंधरा मिनिटांनी हात टेकले. हे झालं १०:५७. तुमचा लॉग अगदी पुस्तकी आहे हो, जपून ठेवा.

घणसोलीचा_नवा_गडी

पण ताई, वेबसॉकेटमध्ये पिंग-पाँग आधीपासून असतं ना, ब्राउझर स्वतः करतो. म्हणजे आपल्याला काही लिहायला नको, वाघ दादांची लायब्ररी जुनी असेल.

कोपरखैरणे_सेक्टर१५

अर्धं बरोबर आहे तुझं. सर्व्हरने पिंग पाठवला तर ब्राउझर तुला न विचारता पाँग देतो, हे खरं. पण सर्व्हरने तो पाठवायला हवा, आणि बऱ्याच लायब्ऱ्यांत तो तुलाच चालू करावा लागतो. दुसरं म्हणजे ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला पिंग पाठवताच येत नाही, तशी सोयच दिलेली नाही. त्यामुळे सर्व्हर गेला हे पेजला कळायला हवं असेल तर साधा मेसेज म्हणूनच एक 'आहेस का' पाठवायचा आणि उत्तराची वाट बघायची. `readyState` बघून बसू नकोस, तो १ दाखवत असतो आणि तिकडे कोणीच नसतं.

आम्ही सर्व्हरकडून दर २५ सेकंदाला पिंग करतो, दोन पाँग चुकले की सॉकेट तोडून टाकतो. म्हणजे पंधरा मिनिटांऐवजी मिनिटभरात कळतं. पण नीट ऐक, या मिनिटभरात गेलेले मेसेज तरीही हरवतातच. पिंग नुसतं मेलेला ओळखतो, हरवलेलं परत देत नाही.

खारघरची_मीनल

माझा पण हाच प्रॉब्लेम!! आम्ही वेबसॉकेट लावला तरी ॲप बंद केल्यावर मेसेज येत नाही, क्लायंट रोज ओरडतो. पिंग १० सेकंदावर आणू का?

रबाळे_रात्रपाळी

मीनल, तुमचा प्रॉब्लेम वेगळा आहे. ॲप मागे गेलं की फोन थोड्या वेळात त्याला झोपवतो, सॉकेट पण त्याच्याबरोबर झोपतो, पिंग कितीही वाढवा. तिथे पुश नोटिफिकेशनच लागतं. नोटिफिकेशनने माणूस ॲप उघडतो, ॲप सॉकेट जोडतं, राहिलेलं मागून घेतं.

आता माझी कथा. आमच्याकडे पुढे एनजिनएक्स होता आणि सॉकेट बरोबर एका मिनिटाने तुटायचा. बोलणं चालू असेल तर नाही तुटायचा, सगळे गप्प असले की तुटायचा, म्हणून टेस्टिंगमध्ये कधी सापडला नाही कारण टेस्टिंग करणारे सतत टाइप करत असतात. ब्राउझरमध्ये `onclose` ला कोड यायचा `1006`. हा कोड समोरून कोणी पाठवत नाही बरं का, निरोप न घेता कनेक्शन गेलं की ब्राउझर स्वतःच लावतो, त्यामुळे त्यावरून कारण कळत नाही. शेवटी घड्याळ लावून बसलो तेव्हा ६० चा आकडा लक्षात आला, `proxy_read_timeout` चं डिफॉल्ट तेवढंच आहे. लोक तो वाढवून तासभर करतात. आम्ही तसाच ठेवला आणि पिंग ६० च्या आत आणला, म्हणजे प्रॉक्सी पण खूश आणि मेलेले पण कळतात.

खरी वाट लागली ती नंतर, एका रात्री डिप्लॉय करताना. सर्व्हर रीस्टार्ट झाला, ६ हजार सॉकेट एकदम तुटले आणि आमच्या हुशार क्लायंटने सगळ्यांना बरोबर १ सेकंदाने परत जोडायला लावलं. प्रत्येक जोडणीत लॉगिन तपासायला डेटाबेसला फेरी. डेटाबेस बसला, जोडण्या फेल झाल्या, परत १ सेकंदाने तेच. सकाळी ८:०२ ची ठाणे लोकल रबाळ्याला यावी आणि दरवाजा एकच उघडावा तसं. ज्या सर्व्हरला काही झालंच नव्हतं तो आम्हीच पाऊण तास पाडून ठेवला. आता असं आहे:

```
const cap = Math.min(30000, 1000 * 2 ** attempt);
setTimeout(connect, Math.random() * cap);
```

दुसऱ्या ओळीतला `Math.random()` महत्त्वाचा. नुसता वेळ दुप्पट करत गेलात तर सगळे एकत्रच थांबतात आणि एकत्रच धडकतात. आणि `attempt` कनेक्शन उघडल्या उघडल्या शून्य करू नका, थोडा वेळ टिकलं की करा.

ऐरोलीकर_काका

बघा, म्हणजे एवढं सगळं करून तुम्ही शेवटी 'माझ्याकडे ८१२ पर्यंत आलंय' वरच येणार. 😀

कोपरखैरणे_सेक्टर१५

काका, हो, येणार. पण तो प्रश्न जोडणीमागे एकदाच विचारायचा, दर ३ सेकंदाला नाही. वाघोबा, तुमच्यासाठी माझा क्रम असा राहील. मेसेज आधी डेटाबेसमध्ये, तिथे त्याला नंबर. मग सॉकेटवर. फोनच्या ॲपने उलट 'हा नंबर मिळाला' म्हटलं तरच डेस्कला टिक. फोन परत जोडला की पहिलं वाक्य त्याचं, शेवटचा नंबर अमुक, आणि तुम्ही पुढचं सगळं द्यायचं. असं असतं तर १०:४४ ला पोराला मेसेज मिळाला असता, आणि मधली दोन मिनिटं डेस्कला टिक न दिसल्यामुळे त्यांनी सरळ फोन केला असता.

अजून एक. पोरगा लिफ्टमधून मेसेज पाठवेल, पोचला की नाही कळणार नाही, ॲप परत पाठवेल आणि डेस्कला दोनदा दिसेल. म्हणून फोननेच प्रत्येक मेसेजला स्वतःचा आयडी द्यायचा, तोच आयडी दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने गपचूप 'मिळाला' म्हणायचं, नवीन ओळ टाकायची नाही.

घणसोलीचा_नवा_गडी

मग एवढं असेल तर लाँग पोलिंग का नाही? रिक्वेस्ट २५-३० सेकंद धरून ठेवायची, मेसेज आला की लगेच उत्तर. नंबरचा प्रश्न आपोआप येतो आणि बॅटरी पण वाचते.

रबाळे_रात्रपाळी

वाईट नाही ते. ज्या ऑफिसचा फायरवॉल वेबसॉकेट जाऊ देत नाही तिथे आम्ही अजून तेच वापरतो. फक्त भरभर बोलणं चालू झालं की प्रत्येक मेसेजला रिक्वेस्ट संपते आणि नवी करावी लागते, हेडर, कुकी सगळं परत. डेस्क आणि पोरं असं तुरळक बोलणं असेल तर मला वाटतं चाललं असतं. ताईंना पटणार नाही.

कोपरखैरणे_सेक्टर१५

नाहीच पटत, पण त्यांच्या ३०० फोनांसाठी भांडणार पण नाही. माझा आक्षेप २५ सेकंदांच्या पिंगवर आहे, माझ्याच. फोनचा रेडिओ सारखा जागा होतो. ५० वर न्यावं का असं आमच्याकडे सहा महिने चाललंय, एका सिमवर ५० ला चालतं, दुसऱ्यावर मधलं नेटवर्क गप्प कनेक्शन आधीच विसरतं. कोणी मोजलंय का?

वागळेचा_वाघ

ताई, तुम्ही म्हणालात तसं कोड उघडून बघितलं. जुन्या पोलिंगच्या फाइलमध्ये `?after=` सापडलं, मीच लिहिलेलं, आणि मीच काढलेलं. टिकचं आज बदललं, नंबरचं उद्या. शनिवारी त्याच टॉवरला पोराला पाठवतोय, लिफ्टने चार वेळा वर-खाली कर म्हणून सांगितलंय. वॉचमन काय म्हणेल ते येऊन लिहितो. पिंग सध्या २५ वर ठेवतोय, बॅटरी बघून सांगतो.