शब्दचर्चा : ‘रक्त पातळ करायची गोळी’ हा शब्द बदलायला हवा का?

अबोली

आईच्या बाबतीत गेल्या महिन्यात जे झालं त्यावरून हा प्रश्न मनात आला. आई ६७ वर्षांची आहे. हृदयाची मायट्रल झडप बदलून धातूची बसवली आहे, त्यामुळे रोज रात्री ॲसिनोकुमारॉल घेते. खालच्या अक्कलदाढेशेजारची दाढ पार किडली होती, काढावीच लागणार होती. दाताच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "आजी, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?" आई म्हणाली, "नाही हो." खोटं बोलायचं तिच्या मनातही नव्हतं. आमच्या घरी त्या गोळीला ‘वॉल्व्हची गोळी’ म्हणतात. नशीब, डॉक्टरांनी चिठ्ठ्या मागून स्वतः वाचल्या.

पुढचा घोळ याच शब्दाने उलट बाजूने झाला. आपलं रक्त पातळ करून ठेवलंय हे ऐकल्यावर आईच्या डोळ्यांसमोर ताकासारखं पातळ रक्त आलं, आणि तिने कुणाला न सांगता तीन रात्री गोळी घेतलीच नाही. रक्त साकळायला किती उशीर लागतो ते सांगणारी आयएनआर तपासणी केली तर आकडा 1.4. हृदयाच्या डॉक्टरांनी तिला 2.5 ते 3.5 मध्ये राहायला सांगितलंय. ते चिडले नाहीत, पण त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

तर, या गोळीला मराठीत नीट शब्द कोणता?

पानगळ

‘पातळ’ चुकीचाच आहे. पातळ-दाट हे वरणाचं, आमटीचं माप. या गोळ्यांनी रक्तात पाणी वाढत नाही, त्याची दाटी तेवढीच राहते. कोशांत ‘क्लथन’ आहे, त्यावरून ‘प्रतिक्लथक’ म्हणता येईल. बोलण्यात ‘गोठणरोधक’ बरा वाटतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, सगळ्या त्याच जातीच्या, त्यामुळे एकच शब्द पुरेल.

आणि दात काढायचं म्हणाल तर बीटी-सीटी, म्हणजे रक्त थांबायला आणि साकळायला किती वेळ लागतो ती चाचणी, करून घ्यायची. ती नॉर्मल आली की निर्धास्त. आमच्या वडिलांची तशीच केली होती.

सुमनताई

माझंही रक्त पातळ आहे. हिमोग्लोबिन साडेआठ आलं. मलाही दात काढायचाय, तर बीट-खजूर खाऊन महिन्याभराने काढू का?

दाढदुखी (दंतवैद्य, सातारा)

सुमनताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो इथे आला हे बरंच झालं. तुमच्याकडे रक्त ‘कमी’ आहे. ते साकळायला अडचण असेलच असं नाही. साडेआठ हा आकडा मात्र बीट-खजुरावर सोडू नका, कारण शोधायला फिजिशियनना दाखवा. ‘रक्त पातळ’ ऐकून दवाखान्यात निम्मी माणसं हेच समजतात, म्हणून तो शब्द मी विचारण्यात वापरत नाही.

पानगळ, ‘पातळ’बद्दल तुमचं म्हणणं पटलं. पण सगळ्या गोळ्या एका शब्दात घालू नका, घोळ तिथेच वाढतो. दाढ काढल्यावर खळग्यात आधी रक्तातल्या बारीक चकत्या, प्लेटलेट, एकमेकींना चिकटून तात्पुरतं बूच मारतात. मग त्यावर धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि बूच पक्कं होतं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल चिकटण्यात आडवे येतात. वॉरफरिन आणि अबोलीताईंच्या आईंची गोळी जाळं विणण्यात आडव्या येतात, कारण व्हिटॅमिन केवर चालणारे जाळ्याचे घटक यकृतात नीट तयार होत नाहीत. म्हणून पहिल्या प्रकारात दात काढताच जास्त वेळ झिरपतं. दुसऱ्यात कधी कधी सगळं ठीक दिसतं, माणूस घरी जातो आणि रात्री तोंड रक्ताने भरून येतं.

बीटी-सीटीचं मात्र मला कळकळीने सांगायचंय. ती या गोळीचा अंदाज देत नाही. बोटाला टोचून केलेली ती चाचणी नॉर्मल आली आणि त्याच माणसाचा आयएनआर साडेचारच्या वर निघाला, असं मी पाहिलंय. अशा पेशंटसाठी आयएनआरच लागतो, तोही दात काढण्याच्या आधीच्या 24 तासांतला. दीड महिन्यापूर्वीचा कागद चालत नाही. मधे कुणी दाढदुखीला मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून घेतलं असलं तर आकडा चार दिवसांत कुठल्या कुठे वर जातो.

पानगळ

बीटी-सीटीचं माहीत नव्हतं. वडील ॲस्पिरिनवरच होते म्हणून निभावलं असणार. पण आयएनआर म्हणजे नेमकं काय मोजतात? ‘2.7’ ऐकून सामान्य माणसाने काय समजायचं?

दाढदुखी

नमुन्यातलं रक्त साकळायला लागणारा वेळ आणि गोळी न घेणाऱ्या माणसाचा वेळ यांचं गुणोत्तर. प्रत्येक लॅबचं रसायन वेगळं, म्हणून ते सारखं करून घेतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1983 मध्ये ही पद्धत आणली, त्याआधी एका लॅबचा आकडा दुसरीत लागू पडत नसे. गोळी नसेल तर 1 च्या आसपास. ‘2.7’ म्हणजे साकळायला बराच उशीर, पण साकळतं.

आकडा 4 च्या खाली असेल तर गोळी न थांबवता साधी दाढ काढता येते, असं ब्रिटनमधली मार्गदर्शक तत्त्वं म्हणतात. आपल्याकडे पुष्कळ जण 3.5 ला थांबतात, काही 3 लाच. मी स्वतः 3.5 धरतो, कारण माझ्या पेशंटना रात्री परत यायला एसटी मिळत नाही.

वऱ्हाडी

आमच्याकडे आजी ‘रगत थिजलं’ म्हणायची. तूप थिजतं तसं. साकळणं हा शब्द मी पुण्यात आल्यावर ऐकला. काही ठिकाणी ‘साखळणे’ही लिहिलेलं दिसतं. जाळ्याचं वर्णन वाचून वाटलं, साखळीशी संबंध असेल का?

पानगळ

तूप उन्हात ठेवलं की परत वितळतं, रक्ताचं तसं नाही. म्हणून ‘थिजणे’ आणि ‘गोठणे’ दोन्ही थोडे कमी पडतात, माझा ‘गोठणरोधक’ही त्यात गेला. ‘साकळणे’ नेमका. साखळीचं मला पटत नाही, पण हातात पुरावा नाही.

अबोली

माझ्या लक्षात राहिलेले शब्द दात काढल्यानंतरचे आहेत, तेही इथे यायला हवेत. गोळी परत सुरू करून आठ दिवसांनी आयएनआर 2.7 आला. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, दाढ काढली. सकाळ आणि आठवड्याची सुरुवात मुद्दाम, म्हणजे काही झालं तर दवाखाना उघडा असतो. झडपेमुळे तासभर आधी अमॉक्सिसिलीन 2 ग्रॅम दिलं होतं.

दाढ निघाल्यावर डॉक्टरांनी खळगा खरवडून स्वच्छ केला, त्यात जिलेटिनच्या स्पंजचा तुकडा बसवला आणि हिरडीच्या दोन कडा जवळ ओढून इंग्रजी आठच्या आकाराचा टाका घातला. मग ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या इंजेक्शनची कुपी फोडली, 5 मिलीत 500 मिलिग्रॅम असते ती. तेवढंच सलाईन मिसळून त्यात गॉज भिजवला, घट्ट पिळला आणि टाक्यावर ठेवून म्हणाले, "चावा." आणि आई चावायला लागली! चिंगम चघळावं तशी. पाच मिनिटांत बोळा जिभेवर आला आणि खळग्यातून परत वाहायला लागलं.

दाढदुखी

अगदी हेच. मीही आधी ‘चावा’ म्हणायचो. आता ‘दात दाबून धरा, बोलू नका, अर्धा तास सोडू नका’ एवढंच म्हणतो आणि घड्याळ दाखवतो. भरपूर औषधं वापरूनही जे थांबत नाही ते अर्धा तास न हललेल्या बोळ्याने थांबतं. आणि माणसं दर दोन मिनिटांनी बोळा काढून ‘थांबलं का’ बघतात, त्याने धरू लागलेली गुठळी निघून येते.

दुसरा शब्द ‘थुंकणे’. तोंडात रक्त आलं की ते थुंकायचं ही आपली सवय. जोरात थुंकलं की खळग्यातली गुठळी ओढली जाते. पहिला दिवस चूळ भरायची नाही, लाळ गिळायची. दुसऱ्या दिवसापासून त्याच ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं 10 मिली द्रावण तोंडात दोन मिनिटं नुसतं धरायचं, खळखळायचं नाही, मग वाकून हळूच सोडून द्यायचं. दिवसातून चारदा, दोन दिवस.

अबोली

आम्ही तसंच केलं. पण रात्री नऊला आई घाबरली, उशीच्या अभ्र्यावर लालसर डाग. तेव्हा ‘रक्त येतंय’ आणि ‘रक्त जातंय’ यातला फरक मला फोनवर सांगितला गेला. लाळेत एक थेंब मिसळला तरी सगळी लाळ गुलाबी दिसते, ते चालतं. मी टॉर्च लावून बघितलं, खळग्यावर काळपट, स्थिर गुठळी होती आणि कडेने काही भरत नव्हतं. नवा गॉज अर्धा तास धरला, बस.

दाढदुखी

आणि उलटं असेल, म्हणजे पुसल्यावर लगेच लाल भरत असेल, किंवा खळग्यातून काळपट-लाल, लिबलिबीत गोळा वर येऊन दातांवर पसरत असेल, तर घरी थांबू नका. तो गोळा पक्की गुठळी नसतो, त्याच्याखाली रक्त चालूच असतं. तो पुसून काढून परत दाबावं लागतं, बहुतेक वेळा परत टाकाही.

दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही नेमून दिलेलं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक नाही.

नदीकाठ (नेवार्क)

माझ्या मिस्टरांना हृदयाचे ठोके अनियमित आहेत, रिव्हारोक्साबॅन चालू आहे. त्यांचा आयएनआर 1.1 आला, मग दात काढायला अडचण नाही ना?

दाढदुखी

इथेच फसायला होतं. त्या गोळीचा परिणाम आयएनआरमध्ये भरवशाने दिसत नाही, 1.1 बघून ‘परिणाम नाही’ समजू नका. तिथे आकड्यापेक्षा शेवटची गोळी किती वाजता घेतली हे महत्त्वाचं. एक-दोन साधे दात असतील तर गोळी चालू ठेवूनच काढतात. जास्त दात किंवा हाड कापायचं असेल तर सकाळचा डोस उशिरा द्यायचा का, हे तुमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी ठरवायचं. यावर आम्ही दंतवैद्यही एकमताचे नाही.

पानगळ

मग माझा ‘एकच शब्द’ मी मागे घेतो. चिकटण्यात आडव्या येणाऱ्या गोळ्यांना ‘चकतीरोधक’ आणि जाळ्यात आडव्या येणाऱ्यांना ‘साकळरोधक’ असं चालेल का?

वऱ्हाडी

‘साकळरोधक गोळी घेता का?’ असं माझ्या आजीला विचारलं असतं तर तीही ‘नाही’च म्हणाली असती.

अबोली

हो, आईचंही तेच. आता मी तिच्या डब्याच्या झाकणावर कागद चिकटवलाय : ‘वॉल्व्हची गोळी. गुठळी होऊ नये म्हणून. दात काढायला बंद करायची नाही, पण डॉक्टरांना सांगायची.’ ‘साकळरोधक’ त्यावर लिहिलेलं नाही. पण ‘गुठळी’ लिहिल्यावर तिने विचारलं, "दाढेच्या खळग्यात तर गुठळी व्हायलाच हवी होती ना?" याला घरगुती भाषेत काय उत्तर द्यावं, सुचतंय का कुणाला?